मागचा गळा ९ इंच केला की खांदा उतरतो : छाती ३६ च्या कटिंगवर एक नेमका प्रश्न

येळ्ळूरची लेक

बारीक टीप ताईंचा छाती ३६ चा कागदी कटिंगचा व्हिडिओ बघून मी घरातल्यांचे साधे ब्लाउज शिवते, ते चांगले बसतात. आता नणंदेच्या लग्नासाठी इरकलीवर खणाचा ब्लाउज शिवलाय. तिला मागचा गळा खोल हवा होता, म्हणून व्हिडिओतली सगळी मापं तशीच ठेवून फक्त खोली वाढवली. आणि तिथंच घोळ झालाय.

मापं देते, म्हणजे कुणाला विचारत बसायला नको. छाती ३६, उंची साडेचौदा, शोल्डर १४ म्हणून घडीवर ७, गळारुंदी घडीवर ४, खांद्याचा उतार अर्धा इंच, पुढचा गळा साडेसहा, मागचा ९. हुक पुढे, आतून सुती अस्तर, गळ्याला उरेब पट्टी. शिवून झाल्यावर खांद्याची पट्टी अडीच इंच उरलीय.

घालून उभी राहिली की छान दिसतं. पदर सारखा करायला हात वर केला की खांदा दंडाकडे घसरतो, उजवा जास्त. मागे गळ्याची कड पाठीला टेकत नाही, मधे बोट जाईल एवढी उभी राहते. छाती, कंबर, बाही, कशाचीच तक्रार नाही.

प्रश्न एवढाच : खोली वाढवली की शोल्डर कमी करायचं की गळारुंदी, आणि किती? आणि हा शिवलेला वाचवता येईल का? खण उरलेला नाही, बाहीच्या बाजूचे दोन तुकडे आहेत तेवढेच.

निपाणीची मामी

अगं शोल्डर कमी कर, दुसरं काय. खोल गळा म्हटला की मी १४ चं १३ नाही तर १२ च धरते. घडीवर पुरा एक इंच आत घे, उतरायचं नाव नाही घेणार. आणि शिवलेल्याला मागनं दोरी लाव. लटकन बांधलं की झालं, हल्ली सगळ्या तेच लावतात.

रोज एक कप

माझं पण सेम! मी वाकले की पुढून गळा सुटतो, बाजारात भाजी घ्यायला वाकायची चोरी. कटोरी ब्लाउज आहे. दोरीनं थांबेल का?

मास्तर, शहापूर

रोज एक कप, तुमचं दुखणं निराळं. तुमचा पुढचा गळा सुटतो तो कटोरीच्या वरच्या कडेत कापड जास्त झाल्यामुळं. त्याला पाठीमागची दोरी काय करणार? तुम्ही वेगळा धागा काढा, तिथं बोलू.

येळ्ळूरच्या ताई, मापं सगळी दिलीत म्हणून उत्तर देता येतंय. नाहीतर लोक नुसतं ‘खांदा उतरतो’ लिहितात आणि मग आपण अंदाज बांधत बसायचं.

आधी टाचणी घ्या, कात्री नंतर. नणंदेला ब्लाउज घालून आरशाकडे पाठ करून उभं करा, हात खाली. खांद्याच्या शिवणीपासून गळ्याच्या कडेनं चार-साडेचार इंच खाली या. तिथं कडेचं कापड आडव्या चिमटीत धरून टाचणी लावा, दोन्ही बाजूंना सारखी. चिमटी गळ्याच्या कडेला मोठी आणि मुंढ्याकडे जात शून्य झाली पाहिजे. आता तिला हात वर करायला सांगा. खांदा जागेवर राहिला तर तुमची गळ्याची कड शरीरापेक्षा लांब झालीय. टाचणी लावूनही घसरला, पण दोन पट्ट्या मागून हातानं एकमेकींकडे ओढल्यावर थांबला, तर गळारुंदी जास्त आहे. दोन्ही थोडं थोडं असेल तर तेही कळेल.

शिवाय खांद्यावर नीट बघा. पट्टी गळ्याच्या बाजूनं उचलली गेलीय की दंडाच्या बाजूनं? दंडाकडे फुगत असेल तर उतार कमी पडला. हे तिन्ही सांगा, मग पुढचं.

आणि हो, खालची पट्टी. साडेचौदा उंचीत नऊचा गळा गेला की पाठीवर साडेपाच इंच उरतात. सगळा भार त्या पट्ट्यावर आहे. तो सैल असेल तर ब्लाउज वर सरकतो आणि खांद्याला सैल कापड मिळतं. मग वर काय पण करा, थांबणार नाही.

कॅम्पातला

मास्तर, एवढं सगळं बघता तर कपडे वेळेवर का देत नाही वो टेलर लोक? गणपतीचा शर्ट दिवाळीला मिळाला मला. (आमचा टेलर, तुम्ही नव्हे.)

मास्तर, शहापूर

कापड चतुर्थीच्या आदल्या दिवशी टाकलं असेल. पुढे चला.

बारीक टीप

व्हिडिओ माझा आहे, म्हणून लिहिते. त्यातला मागचा गळा ६ इंचांचा आहे आणि ते सुरुवातीलाच फळ्यावर लिहून दाखवलंय. त्या खोलीला घडीवर ७ आणि गळारुंदी ४ बरोबर चालतं. कारण ६ इंचांवर पाठीच्या पात्यांवरून जाणारं कापड शाबूत असतं आणि तेच दोन्ही खांद्यांना आत धरून ठेवतं. ९ केलं की ते कापड गेलं. आता पट्टी नुसती खांद्यावर ठेवल्यासारखी आहे, तिला आत ओढणारं काही उरलं नाही. म्हणून एकच माप वाढवून चालत नाही.

मी शिकवताना असं सांगते : मागचा गळा सातपर्यंत असेल तर काही बदलू नका. आठच्या पुढे गेला की घडीवर शोल्डर साडेसहा आणि गळारुंदी साडेतीन. दोन्ही अर्धा-अर्धा इंच आत, म्हणजे खांद्याची पट्टी तेवढीच रुंद राहते. पुढच्या भागालाही तेच करायचं.

दुसरं, तुमच्या हिशोबात एक गोष्ट सुटलीय. तुम्ही गळा ४ वर कापला आणि उरेब पट्टीला पाव इंच आत घेतलात. म्हणजे शिवलेली रुंदी सव्वाचार झाली. दोन्ही बाजू मिळून साडेआठ इंच मोकळं. तुमची अडीचची पट्टी त्यावरूनच कळते. मुंढ्याकडून पाव गेला, गळ्याकडून पाव गेला, तीनचे अडीच झाले.

निपाणीच्या मामी, घडीवर एक इंच फार होतं हो. खांदा थांबेल, पण त्याबरोबर मुंढाही एक इंच आत कापला जातो. पाठीची रुंदी जाते, मग हात पुढे केला की पाठीत ताणतं आणि बाही वर ओढली जाते.

निपाणीची मामी

आमच्या सुनेला ताणत नाही की.

बारीक टीप

सून बारीक असेल, किंवा पाठ अरुंद असेल. मग बसतं. सगळ्यांना नाही बसत.

संकेश्वर फाटा

मधेच विचारतो. बायकोला मशीन घेऊन दिलंय, तिच्या वतीनं. शोल्डर साडेसहा केलं तर मुंढ्याची रेघ पूर्ण आत सरकवायची का फक्त वरचं टोक?

बारीक टीप

फक्त वरचं टोक. मुंढ्याच्या अर्ध्यावर रेघ परत जुन्या जागी आणून मिळवायची. पाठीची रुंदी तिथं मोजतात, ती कमी होता कामा नये. चांगला प्रश्न, हे बऱ्याच जणी चुकवतात.

येळ्ळूरची लेक

टाचणी लावून बघितलं. जसं दिसलं तसं सांगते.

गळ्याच्या कडेला साडेचार इंचांवर चिमटी लावली. दोन्हीकडे दोन-दोन सूत कापड आत गेलं, तेव्हा कड पाठीला टेकली. हात वर केला तर डावा खांदा जागचा हलला नाही. उजवा थोडा घसरला, पण आधीसारखा नाही. पट्टी डावीकडे गळ्याच्या बाजूनं उचललेली होती, उजवीकडे दोन्ही बाजूंनी. खालची पट्टी घट्ट आहे, दोन बोटंसुद्धा जात नाहीत.

आणि आत्ता लक्षात आलं, नणंदेचा उजवा खांदाच खाली आहे. कॉलेजपासून पुस्तकांची पिशवी त्याच खांद्यावर.

मास्तर, शहापूर

मग झालं, दुखणं सापडलं. कड लांब आहे, दोन्हीकडे दोन सूत. उजव्याला वर उताराचं कारण आहे, ते वेगळं बघू.

कड लांब का झाली तेही सांगतो, नाहीतर पुढच्या वेळी परत होणार. खोल गळ्याची बाजूची कड कापडावर उरेब येते. खण उभा-आडवा ताणून बघा, हलत नाही. तिरका धरा, लगेच देतो. कापल्यावर तो भाग हातात धरला, मशीनखाली पट्टी लावताना खालचं कापड जरा ओढलं, वरून इस्त्री घासली, की एवढ्यानं दोन सूत सहज वाढतात. म्हणून कापल्या कापल्या अस्तर आणि खण एकत्र ठेवून कडेपासून एक सूत आत साधी टीप मारून टाकायची. ती टीप कडेला वाढू देत नाही. खणाचे धागे सुटतात, तेही थांबतात. पट्टी लावताना कापड सैल सोडायचं, ओढायची ती पट्टी, आणि तीही फक्त खालच्या गोलाईत. इस्त्री दाबायची आणि उचलायची, घासायची नाही.

आता शिवलेला ब्लाउज. खांद्याजवळ उरेब पट्टी दोन्हीकडे दोन-दोन इंच उसवा, मग खांद्याची शिवण उसवा. पुढच्या भागाची शिवण जुन्या जागीच राहील. मागचा भाग गळ्याच्या टोकाला दोन सूत आत घ्या आणि दंडाच्या टोकाला शून्यावर न्या. म्हणजे तिरकी शिवण येईल. दंडाकडे शून्य असल्यामुळं मुंढा बदलत नाही, बाहीला हात लावायची गरज नाही. मागचं वाढलेलं दोन सूत आत दाबून ठेवा, कापू नका. पुढेमागे सोडावं लागलं तर असावं.

उजव्या खांद्याला हे करून झाल्यावर परत घालून बघा. तरी घसरला तर दंडाच्या टोकाला एक सूत घ्या, पुढच्या-मागच्या दोन्ही भागांचं, आणि गळ्याकडे शून्य करा. पण इथं मुंढा दोन सूत लहान होतो, त्यामुळं बाही वरच्या बाजूनं दोन-दोन इंच उसवून परत बसवावी लागेल. एक सूतच, जास्त नाही. जास्त घेतलं की बाहीला वर चुण्या पडतात.

कॅम्पातला

हे वाचून माझ्या टेलरबद्दल थोडा आदर वाढला. थोडा.

येळ्ळूरची लेक

मास्तर, लग्नाच्या आदल्या दिवशीचा दुसरा ब्लाउजपण माझ्याचकडे आहे. तो नव्यानं कापायचाय, कापड पुरेसं आहे, गळा ९ च. त्यालाही तुमची चिमटी आधीच कागदावर घेतली तर चालेल का? आणि ताईंचं साडेसहा-साडेतीनपण करायचं?

मास्तर, शहापूर

चालेल, पण दोन्ही एकदम करू नका, इथं लोक फसतात.

कागदावर मागचा भाग जुन्याच मापानं काढा. शोल्डर ७, रुंदी ४, खोली ९. गळ्याच्या कडेला साडेचार इंचांवर खूण करा आणि तिथून मुंढ्यापर्यंत रेघ ओढा. मुंढ्याच्या टोकाला कागद पक्का धरून गळ्याच्या टोकाला दोन सूत गिळेल अशी घडी मारा. चिकटपट्टी लावा. आता बघा काय झालं ते. वरचा तुकडा फिरला आणि खांदा गळ्याकडे आपोआप सरकला. टेप लावून मोजा, अर्ध्या इंचाला जरा कमी भरेल. म्हणजे ताईंनी सांगितलेला अर्धा इंच जवळजवळ त्या घडीतच आला. त्यावर परत शोल्डर साडेसहा केलंत तर एकूण एक इंच आत गेलात, मामींच्या सुनेसारखं.

घडीमुळं गळ्याच्या कडेला छोटा कोन पडतो, तो हातानं गोल करून घ्या. मुंढ्याची लांबी तीच राहते, खांद्याची पट्टी तेवढीच राहते, म्हणून पुढचा भाग आणि बाही जशीच्या तशी.

गळा शिवताना पाव इंच आत जातो म्हणाल्या ताई, ते बरोबर आहे. म्हणून शिवलेली रुंदी ४ हवी असेल तर कापताना पावणेचार कापा. एवढं एकच बदला.

बारीक टीप

मास्तरांची घडी योग्यच आहे, मीही शिकलेय ती. पण नव्या मुलींना कागद फिरवायला सांगितला की मुंढ्याचं टोक सुटतं आणि सगळा भाग तिरका होतो. म्हणून मी सरळ आकडे देते. माझ्या पद्धतीत कड थोडी उभी राहू शकते, हे कबूल. पण उरेब पट्टी बेतानं ओढली की तेवढं निघतं.

मास्तर, शहापूर

पट्टीवर भिस्त ठेवली की धुतल्यावर कळतं. सुती पट्टी आटली तर गळा चुरगळतो. मला नाही पटत. पण शिकवायला तुमचे आकडे सोपे पडतात, तेही खरं.

संकेश्वर फाटा

बायको विचारते, दोरी मग लावायचीच नाही का?

बारीक टीप

लावा की, शोभेची म्हणून. ब्लाउज दोरीशिवाय बसला पाहिजे, मग दोरी. न बसणाऱ्याला दोरीनं आवळलं तर खांद्यापासून दोरीपर्यंत तिरक्या वळ्या पडतात, फोटोत त्याच दिसतात. मी खांद्याच्या शिवणीपासून दीड-दोन इंच खाली लावते.

निपाणीची मामी

एक इंचावर लावायची. दोनवर लावली की पाठीच्या मधोमध लोंबतं ते.

बारीक टीप

एक इंचावर मानेत गाठ टोचते, अंबाडा घातला की तर फारच.

निपाणीची मामी

टोचू दे, लग्न एकदाच असतं.

येळ्ळूरची लेक

काल रात्री उसवून केला. डावा एकदम बसला. उजव्याला दंडाकडे एक सूत घेतलं, बाही वरून उघडून परत बसवली. हात वर, खाली, वाकून, सगळं करून घेतलं. नणंदबाई म्हणे आता नाचायला पण चालेल. पाठीची कड टेकतेय. उजव्या बाहीला अगदी वर एक बारीक चुणी राहिलीय, जवळून बघितलं तरच दिसते, इस्त्रीनं जाईना.

दुसऱ्याचा कागद घडी मारून तयार आहे. मोजलं तर खांदा तीन सूत आत सरकलाय. आधी जुन्या मांजरपाटावर कापून टाचणीनं जोडून बघणार.

एक राहिलं. त्या ब्लाउजला तिला गोल नको, चौकोनी गळा हवाय, खाली साडेसात इंच रुंद, वर तेवढाच. चौकोनात बाजूची कड सरळ उभी येते, उरेब नाही. मग ती वाढणार नाही ना? घडी तरी दोन सूतच ठेवू का कमी करू?

मास्तर, शहापूर

सरळ कड कमी वाढते, बरोबर ओळखलंत. पण चौकोनात खालचे दोन कोपरे बाहेर पडतात, तिथं कापड उभं राहायला बघतं. मी एक सूतच घडी घेईन आणि कोपऱ्याला आतून अस्तराचा छोटा चौकोन लावीन, म्हणजे कात दिल्यावर फाटणार नाही. मांजरपाटावर घालून बघा आणि कोपरा पाठीला टेकतो का सांगा. त्याशिवाय आकडा पक्का देणार नाही.

बारीक टीप

मी चौकोनाला घडी घेतच नाही, खालची रुंदी वरच्यापेक्षा अर्धा इंच कमी करते. डोळ्याला चौकोनच दिसतो. एका बाजूला माझं आणि एका बाजूला मास्तरांचं करून मांजरपाट घाला, आणि फोटो टाका पाठीचा.

रोज एक कप

मी वेगळा धागा काढलाय, ‘वाकलं की पुढचा गळा सुटतो’. मास्तर, या की तिकडं. मापं सगळी लिहिलीत या वेळी.